बारा वाजले, पण मध्यान्ह झाला नाही



मार्च महिन्यात आमच्या वर्गातील एका मुलाने एक शंका विचारली. त्याचा थोरला भाऊ सैन्यात असून अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व टोकाला नेमणुकीस आहे. पहाटे साडेपाचला त्याचा फोन आला, तेव्हा तिकडे सूर्य वर आला होता आणि सुर्ल्यात अजून चांदण्या दिसत होत्या. दोघांच्याही घड्याळांत साडेपाचच वाजले होते. मग चुकले कोण, घड्याळ की सूर्य? या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्याच शाळेच्या अंगणात शोधू.

पृथ्वी स्वतःभोवती 24 तासांत 360 अंश फिरते. म्हणजे एक अंश फिरण्यास तिला 4 मिनिटे लागतात. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्याने पूर्वेकडील गावाला सूर्य आधी दिसतो. पूर्वी प्रत्येक मोठे शहर आपापल्या सूर्यावरून घड्याळ लावी. आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर ही रीत अडचणीची झाली. म्हणून 1 जानेवारी 1906 पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ ही भारताची प्रमाणवेळ ठरली. मुंबईला हे रुचले नाही. तिचा सूर्य या वेळेहून सुमारे 39 मिनिटे मागे चालतो. तेव्हा घड्याळ पुढे सारणे म्हणजे रोज तितक्या लवकर उठणे होते. मुंबईने आपली निराळी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही.

आता सुर्ल्याचे गणित करू. आपला रेखांश सुमारे 74 अंश आहे. साडेब्याऐंशीतून 74 वजा केले की साडेआठ अंश उरतात. त्यांना 4 ने गुणले की 34 मिनिटे होतात. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपला खरा मध्यान्ह व्हायला 34 मिनिटे अवकाश असतो. अरुणाचलातील डोंग हे गाव सुमारे 97 अंशांवर आहे. तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या 58 मिनिटे पुढे आहे. आपण 34 मिनिटे मागे आणि ते 58 मिनिटे पुढे, म्हणून दोन्ही गावांत 92 मिनिटांचे अंतर पडते. मार्चच्या 21 तारखेस सपाट क्षितिजावर डोंगचा सूर्योदय सुमारे 5 वाजून 5 मिनिटांनी होतो, तर आपला सुमारे 6 वाजून 37 मिनिटांनी. घड्याळही चुकले नाही आणि सूर्यही नाही. दोन गावांच्या दोन सकाळी आपण एकाच घड्याळाला बांधल्या, इतकेच.

मात्र हे अंतर वर्षभर 92 मिनिटेच राहत नाही. डोंग आपल्याहून बरेच उत्तरेस असल्याने उन्हाळ्यात तेथील दिवस आपल्या दिवसाहून मोठा आणि हिवाळ्यात लहान असतो. त्यामुळे जूनअखेरीस हे अंतर जवळजवळ दोन तासांवर जाते, आणि डिसेंबरअखेरीस ते तासाभराच्या थोडेसे वर राहते.

ज्यांना पडताळा हवा, त्यांनी अंगणात एक सरळ काठी रोवावी व ती ओळंब्याने तपासावी. सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करावी. सर्वांत आखूड सावलीची वेळ म्हणजे आपला मध्यान्ह. 15 एप्रिलच्या सुमारास तो 12 वाजून 34 मिनिटांनी येईल. हाच प्रयोग फेब्रुवारीच्या मध्यास केल्यास सुमारे 12 वाजून 48 मिनिटे येतील, आणि नोव्हेंबरच्या आरंभी 12 वाजून 18 मिनिटे. तेव्हा आपले मोजणे चुकले असे समजू नये. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि सूर्याभोवतीची तिची गतीही सारखी नाही. म्हणून सूर्य कधी घड्याळाच्या मागे, तर कधी पुढे राहतो.

आपल्याला 34 मिनिटांचा फरक फारसा जाणवत नाही. ईशान्येकडे मात्र कार्यालये उघडेपर्यंत उजेडाचे काही तास सरलेले असतात, आणि हिवाळ्यात साडेचार-पाचलाच दिवे लावावे लागतात. आसामातील अनेक चहामळे म्हणूनच घड्याळ तासभर पुढे ठेवतात. त्या वेळेला ‘बागान वेळ’ म्हणतात. 2018 मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी तासभर पुढची दुसरी प्रमाणवेळ सुचविली. दोन वेळांची सीमा त्यांनी आसाम आणि पश्चिम बंगाल यांच्यामधील चिंचोळ्या भागात ठेवली. कारण तेथून मोजकेच लोहमार्ग जातात आणि घड्याळे बदलताना गाड्यांची गफलत होण्याचा धोका कमी असतो. ही सूचना अमलात आलेली नाही.

त्या मुलाने घरी काठी रोवून सावली मोजली आणि ती वही भावाला दाखविण्यासाठी जपून ठेवली आहे. त्याने पुन्हा आणि भावाने तिकडे एकाच दिवशी काठी रोवली, तर भावाची आखूड सावली अकराच्या सुमारास पडेल. त्या दोन वेळांतील मिनिटांना चाराने भागले, की दोघा भावांमध्ये किती रेखांशांचे अंतर आहे ते घरबसल्या कळेल.