स्कॅनरमध्ये दोन कागद एकदम का जातात?

दुकानाची बिले, बिल्ट्या आणि चलने स्कॅन करून ठेवण्याची पद्धत आता व्यापारी बंधूंच्या अंगवळणी पडली आहे. जीएसटी कायद्यानुसार ही कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. त्यामुळे एखादे बिल स्कॅन व्हायचेच राहिले आणि मूळ कागद रद्दीत गेला, तर नुकसान आपलेच.

गठ्ठ्यातून एकेक कागद ओढणारे यंत्र घर्षणावर चालते. एक रबरी रूळ कागदाला पुढे ओढतो. त्याच्यासमोर दुसरा रूळ किंवा रबराची पट्टी त्याला अडवते. कागद एकच असेल तर ओढणाऱ्या रुळाची पकड जास्त असल्याने तो पुढे सरकतो. दोन आले, तर कागदाचे कागदाशी घर्षण कमी असते, म्हणून दुसरा कागद अडवणाऱ्या रबराशी थांबून राहतो. रबर झिजून गुळगुळीत झाले किंवा त्यावर कागदाची धूळ बसली की हा हिशेब बिघडतो. पावसाळ्यात दमट झालेले, टाचणीच्या भोकाने एकमेकांत अडकलेले कागदही जोडीने जातात.

समजा, आम्ही एका बाजूला छापलेली 40 बिले घातली आणि चित्रे 38 आली. म्हणजे दोन बिले दुसऱ्यांच्या आड लपून गेली. बिलांचे अनुक्रमांक पाहिले की कोणती, ते लगेच कळते. मात्र कोरी पाने वगळण्याची सोय आधी बंद ठेवावी, नाहीतर मोजणी फसते. काही यंत्रांत ध्वनिलहरींनी जोडकागद ओळखतात. दोन कागदांमधल्या हवेमुळे आवाज क्षीण होतो आणि यंत्र थांबते. पण बिलावर पावती चिकटवलेली असली, तरी ते तसेच थांबते.

कागद तिरपा जाण्याचे कारण बहुधा बाजूच्या सरकत्या पट्ट्या सैल असणे हे असते. लहान बिल्टी आणि मोठे बिल एकाच गठ्ठ्यात असेल, तर लहान कागदाला आधारच मिळत नाही. ए-4 कागद एका अंशाने तिरपा झाला, तर त्याचे टोक सुमारे 5 मिलिमीटर सरकते. संगणक चित्र सरळ करतो, पण कडेला कापली गेलेली रक्कम परत आणू शकत नाही. एकाच मापाचे नवे कागद घालून पाहावे. तरीही ते दरवेळी एकाच बाजूला कलले, तर रूळ एका अंगाने झिजला किंवा मळला आहे असे समजावे.

म्हणून मापाप्रमाणे गठ्ठे वेगळे करावेत, टाचण्या काढाव्यात, कागद फुलवून, कडा जुळवून ठेवावेत. रूळ यंत्राच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुसावा. पुसूनही जोडकागद जात राहिले तर रबर बदलावे. आणि कागद व चित्रे यांची मोजणी जुळल्याशिवाय गठ्ठा बाजूला सारू नये.