सुट्टीतही पाठ दुखत असेल तर

शाळेत परिचारिका म्हणून काम करताना ‘दप्तरामुळे पाठ दुखते’ ही तक्रार माझ्याकडे सतत येते. बहुतेक वेळा ती खरीच असते. पण दर वेळी नाही, आणि तो फरक घरी कसा ओळखायचा हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी दप्तराचंच पाहू. मूल दप्तर घेऊन वजनकाट्यावर उभं राहिलं, मग दप्तराशिवाय, की वजाबाकीतून दप्तराचं वजन कळतं. ते मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणातही हेच सांगितलं आहे. सहावीतल्या एका मुलाचं वजन 30 किलो, म्हणजे दप्तर 3 किलोपर्यंत चाललं असतं. भरलं 5 किलो 600 ग्रॅम. त्याच्या आईसमोर आम्ही ते टेबलावर रिकामं केलं. नुसतं दप्तर 900 ग्रॅम, पाण्याने भरलेली लिटरची स्टीलची बाटली 1 किलो 400, डबा 600. एकही पुस्तक न धरता 2 किलो 900 ग्रॅम झाले होते! उरलेल्या 2 किलो 700 मध्ये दोन गाइडं, शिकवणीच्या वह्या आणि त्या दिवशी तास नसलेल्या विषयांची पुस्तकं होती. ती काढली, तेव्हा वह्या-पुस्तकं 1 किलो 600 वर आली. बाटली हलकी प्लास्टिकची घेतली आणि ती शाळेत येऊन भरायची ठरली, म्हणजे वाटेत 150 ग्रॅम. नवं साधं दप्तर 500 ग्रॅमचं निघालं. डबा तोच. बेरीज 2 किलो 850. म्हणून म्हणते, पुस्तकांना दोष देण्याआधी बाटली आणि रिकामं दप्तर तोलून बघा.

वजनाइतकंच दप्तर कसं लटकतं हेही महत्त्वाचं. दोन्ही पट्टे खांद्यावर हवेत आणि इतके आवळलेले हवेत, की दप्तर पाठीला चिकटून राहील. त्याचा तळ कमरेच्या आसपास यावा. ढुंगणावर आपटणारं दप्तर मागे ओढतं आणि तोल सावरायला मूल पुढे झुकतं, मान बाहेर काढतं. जड पुस्तकं पाठीकडच्या कप्प्यात ठेवा. मूल शाळेतून आलं की खांदे बघा. पट्ट्यांचे लाल वळ उठलेले असतील किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर ओझं जास्त आहे किंवा पट्टे अरुंद आहेत.

जड दप्तराने कणा कायमचा वाकडा होतो, असं अनेक पालकांच्या मनात असतं. तसा पुरावा नाही. ओझ्याने स्नायू थकतात, मान, खांदे आणि पाठ दुखते, आणि ओझं उतरलं की ते दुखणं ओसरतं. पलंगावर पोक काढून तासन्‌तास मोबाइल बघण्यानेही असंच दुखतं. त्यावर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालणं हा साधा उपाय आहे.

आता सातवीतली एक मुलगी. पाठीच्या मध्यावर दुखायचं. घरच्यांनी दप्तर बदललं, रोज तेल लावून चोळून दिलं, वडील स्वतः दप्तर उचलून तिला सोडायला येऊ लागले. मग दिवाळीची सुट्टी लागली. दप्तराचं दुखणं असतं तर सुट्टीत कमी व्हायला हवं होतं, पण ते वाढलं. ती रात्री दुखण्याने जागी व्हायची, संध्याकाळी अंग कोमट लागायचं, गणवेशाचा स्कर्ट सैल झाला होता. खाली पडलेलं पेन ती पाठ न वाकवता गुडघ्यांवर बसून उचलत होती. हे मी पाहिलं आणि तिच्या आईला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. साध्या एक्स-रेमध्ये विशेष काही दिसलं नाही. सुरुवातीला असं होऊ शकतं. एमआरआय आणि पुढच्या तपासण्यांनंतर निदान झालं : मणक्याचा क्षयरोग. त्यावर औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात, फक्त बरेच महिने न चुकता घ्यावी लागतात. तिच्या पायांतली ताकद जाण्याआधी ती सुरू झाली.

म्हणून रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, त्यासोबत ताप किंवा घटणारं वजन, किंवा दप्तर हलकं करूनही दोन-तीन आठवडे न थांबणारं दुखणं असेल, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पाय लटपटत असतील, बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणखी एक तपासणी घरी करा, विशेषतः दहा ते चौदा वर्षांच्या मुलींची. मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. एका बाजूच्या बरगड्या उंचावलेल्या दिसल्या, किंवा एरवी दप्तराचा पट्टा एकाच खांद्यावरून सारखा घसरत असेल, तर कण्याला बाक असू शकतो. त्यात बऱ्याचदा दुखत नाही, त्यामुळे मुलगी तक्रार करत नाही. तेव्हा वाढीची वर्षं सरण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्या.