महिन्याला 34 रुपये कुठे जातात?

प्रश्न

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. घर विकून वाट्याला आलेले दहा लाख रुपये त्यांना पाच वर्षांसाठी मुदत ठेवीत ठेवायचे आहेत. बँकेने ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव दर धरून 7 टक्के व्याज सांगितले आणि अर्जावर दोन चौकोन दाखवले: व्याज मुद्दलात मिळवत जाणारी ठेव, किंवा दरमहा व्याज हातात देणारी ठेव. बाईंनी घरी येऊन हिशेब मांडला. दहा लाखांवर 7 टक्के म्हणजे वर्षाला 70 हजार, महिन्याला 5,833 रुपये. बँकेच्या कागदावर मात्र 5,799 रुपये आणि काही पैसे छापलेले. शिवाय त्याच कागदावर पहिल्या पर्यायापुढे ‘वार्षिक परतावा 8.30 टक्के’ असे लिहिलेले. त्या विचारतात, "दर एकच, मग एकीकडे 8.30 आणि दुसरीकडे सातपेक्षाही कमी, हे कसे? दरमहा व्याज घेणाऱ्याला बँक दंड लावते का?"

उत्तर

दंड नाही. पण बाईंची शंका रास्त आहे, कारण कागदावरचे दोन्ही आकडे गणिताने बरोबर असूनही एकमेकांशेजारी ठेवले की दिशाभूल करतात.

आधी ते 34 रुपये. भारतातल्या बँका मुदत ठेवीचे व्याज तिमाहीने मोजतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्याज तिमाही किंवा त्याहून मोठ्या टप्प्याने मोजायचे असते आणि कोणाला ते दरमहा हवे असेल, तर तिमाहीचे व्याज काढून दर महिन्याला सूट देऊन, म्हणजे थोडे कमी करून द्यायचे असते. बाईंच्या दहा लाखांवर तिमाहीचे व्याज 17,500 रुपये. ते तिमाही संपल्यावर देणे आहे. बाईंना मात्र त्यातला एक हिस्सा दोन महिने आधी आणि दुसरा एक महिना आधी हवा आहे. आधी मिळालेले पैसे त्याच दराने गुंतवता येतात, म्हणून बँक रक्कम अशी बेतते की लवकर मिळाल्याचा फायदा त्यातून वजा व्हावा.

पडताळून पाहणे सोपे आहे. 17,500 रुपये म्हणजे तिमाहीला 1.75 टक्के, त्याचा मासिक समतुल्य दर 0.58 टक्क्यापेक्षा किंचित कमी. पहिल्या महिन्याचे 5,799.63 रुपये त्या दराने आणखी दोन महिने ठेवले तर 5,867 होतात, दुसऱ्या महिन्याचे एक महिना ठेवले तर 5,833, आणि तिसऱ्या महिन्याचे जसेच्या तसे. तिन्हींची बेरीज बरोबर 17,500. म्हणजे बँकेने काही कापलेले नाही. बाईंनी तिमाही व्याजाचा पर्याय घेतला, तर पूर्ण 17,500 खात्यात जमा होतील. तिथे कसलीही वजावट नाही.

आता तो 8.30 टक्क्यांचा आकडा. व्याज मुद्दलात मिळवणाऱ्या ठेवीत 7 टक्क्यांचे चार भाग होतात आणि दर तिमाहीला 1.75 टक्के मागच्या एकूण रकमेवर चढतात. वर्षअखेर शंभराचे 107 रुपये 19 पैसे होतात. हा 7.19 टक्के म्हणजे प्रभावी परतावा. एका ठेवीची दुसरीशी तुलना करायची तर याच आकड्याने करावी. पाच वर्षांत वीस तिमाह्या होतात आणि दहा लाखांचे 14,14,778 रुपये होतात. व्याज झाले 4,14,778. कागद छापणाऱ्याने हे व्याज पाचाने भागले आणि वर्षाला 8.30 टक्के परतावा जाहीर केला.

या भागाकारात चक्रवाढीचे फळ सरळ व्याजाच्या ताटात वाढलेले आहे. त्यामुळे दर तोच ठेवून नुसती मुदत लांबवली तरी आकडा फुगतो. हीच 7 टक्क्यांची ठेव दहा वर्षांची केली तर रक्कम दुप्पट होऊन थोडी वर जाते आणि याच रीतीने ‘वार्षिक परतावा’ 10.02 टक्के निघतो. बँकेने दिलेला दर मात्र तसूभरही वाढलेला नसतो. पाच वर्षांच्या ठेवीवर 8.30 आणि तीन वर्षांच्या ठेवीवर 7.71 टक्के लिहिलेले पाहून अनेक जण लांब मुदतीकडे वळतात. दोन्हींचा खरा वार्षिक परतावा 7.19 च आहे.

मग दरमहा व्याज घेणाऱ्याचा परतावा किती? उत्तर अनेकांना पटत नाही, पण तोही 7.19 टक्केच. 5,799.63 रुपये दर महिन्याला त्याच दराने गुंतवत गेले तर पाच वर्षांनी व्याजाची एकूण रक्कम 4,14,778 च भरते. हातात रोख साठवले तर साठ महिन्यांचे फक्त 3,47,978 होतात. मधला 66,800 रुपयांचा फरक हे व्याजावरचे व्याज आहे. ते बँकेने एकाला दिले आणि दुसऱ्याला नाकारले असे नाही. दुसऱ्याने आपले व्याज बँकेत राहूच दिले नाही.

घरोघरी होते ते या दोन टोकांच्या मधले. दरमहा व्याजाची ठेव काढली जाते, पण पैसे खर्च होत नाहीत. बचत खात्यात पडून राहतात. मोठ्या सरकारी बँका बचत खात्यावर 2025 मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. त्या दराने साठ हप्त्यांचे साधारण 3 लाख 70 हजार होतात, म्हणजे 44-45 हजारांचे नुकसान. ज्याला दरमहा पैशाची गरज नाही आणि तरी ‘खात्यात काहीतरी येत राहतं’ म्हणून हा पर्याय घेतो, त्याला हा पर्याय खरोखर महाग पडतो.

बाईंनी पत्रात लिहिले आहे की पेन्शनमध्ये घर चालते, पण औषधे आणि कामवाल्या बाईचा पगार धरला तर महिन्याला अडीच हजारांच्या आसपास कमी पडतात. या एका वाक्यात त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सगळे दहा लाख एका चौकोनात घालायची गरजच नाही. साडेचार लाख मासिक व्याजाच्या ठेवीत ठेवले तर दरमहा सुमारे 2,610 रुपये येतील. उरलेले साडेपाच लाख व्याज मिळवत जाणाऱ्या ठेवीत पाच वर्षांत 7,78,128 होतील.

बँकेपलीकडेही एक नजर टाकावी. महाराज बाड्यावरचे टपाल कार्यालय छावनीपासून फार लांब नाही. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेचा दर 2025 मध्ये 7.4 टक्के होता आणि तिथे सूट देऊन व्याज कमी करण्याची पद्धत नाही. वार्षिक व्याजाला सरळ बाराने भागतात. त्या दराने साडेचार लाखांवर महिन्याला 2,775 रुपये येतात. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्याहून वरचढ: 2025 मध्ये 8.2 टक्के, व्याज दर तिमाहीला. त्या दराने साडेचार लाखांवर तिमाहीला 9,225, म्हणजे महिन्याला 3,075 रुपये पडतात. एकदा खाते उघडले की व्याजदर पाच वर्षे तोच राहतो. मात्र तिमाहीचे व्याज वेळच्या वेळी उचलावे. न उचललेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही. तेव्हा मासिक गरजेचा हिस्सा टपालात आणि वाढीचा हिस्सा बँकेत, अशी वाटणी बाईंना जास्त सोयीची ठरेल.

कराबद्दल बाईंनी विचारलेले नाही, पण व्याज मिळवत जाणारी ठेव घेणारे इथेच अडखळतात. पैसे पाच वर्षांनी मिळणार म्हणून करही पाच वर्षांनी, असा समज पक्का आहे. बँक मात्र व्याज दरवर्षी जमा धरते आणि प्राप्तिकर खात्याला तसेच कळवते. दहा लाखांच्या ठेवीत पहिल्या वर्षी 71,859 आणि पाचव्या वर्षी 94,849 रुपये व्याज धरले जाईल. एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांसाठी एका बँकेतले व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेले की 10 टक्के कर मुळातून कापला जातो. ही एकच ठेव असेल तर ती मर्यादेत राहते. त्याच बँकेत दुसरी ठेव असेल तर मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि काही बँका कापलेला कर ठेवीतूनच वळता करतात. मग पाच वर्षांनी 14,14,778 ऐवजी कमी रक्कम हाती येते आणि काउंटरवर वाद होतो. एकूण उत्पन्नावर कर बसतच नसेल, तर दरवर्षी एप्रिलमध्ये स्वयंघोषणेचा अर्ज द्यावा. लोक त्याला वर्षानुवर्षे 15-एच म्हणून ओळखतात.

शेवटी ठेव मोडण्याची गोष्ट, कारण दोन पर्यायांतला खरा फरक इथे अंगावर येतो. समजा, बाईंनी दहाही लाख मासिक व्याजावर ठेवले आणि दोन वर्षांनी पैशांची निकड आली. बँक पाच वर्षांचा दर देत नाही. ठेव ठेवताना दोन वर्षांसाठी जो दर होता, समजा 6.5 टक्के, तो धरते आणि बहुतेक ठिकाणी त्यातून अर्धा ते एक टक्का दंड कापते. एक टक्का धरला तर उरला 5.5. या दराने मासिक व्याज 4,562 रुपये व्हायला हवे होते. चोवीस महिन्यांचे साधारण 1,09,500. बाईंनी मात्र 1,39,191 रुपये आधीच घेतलेले आहेत. वरचे 29,691 रुपये बँक मुद्दलातून वळते करते आणि दहा लाखांच्या पावतीवर सुमारे 9 लाख 70 हजार हातात ठेवते. व्याज मिळवत जाणाऱ्या ठेवीतही दर एवढाच कमी होतो, पण तिथे व्याज बाहेर गेलेले नसल्यामुळे दहा लाखांच्या खाली काही जात नाही.

त्यामुळे बँकेत ठेवायच्या रकमेची एक पावती न करता दोन-दोन लाखांच्या वेगवेगळ्या पावत्या कराव्यात. दीड लाखाची गरज पडली तर एकच मोडेल, बाकीच्यांचा 7 टक्के दर मुदतभर चालू राहील. आणि प्रत्येक पावती हाती आल्यावर टेबलासमोरच तीन गोष्टी वाचून घ्याव्यात: व्याजाचा पर्याय कोणता नोंदवला आहे, मुदतीअंती मिळणारी रक्कम किती छापली आहे, आणि मुदत संपल्यावर ठेवीचे आपोआप नूतनीकरण करायचे की पैसे बचत खात्यात जमा करायचे.