शब्दास शब्द मिळेना

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मुरुडास मला भेटावयास आला होता. तो मुंबईस भाषांतराचे काम करतो. ओटीवर बसून चहा घेता घेता तो म्हणाला, "गुरुजी, दोन इंग्रजी शब्दांनी मला अगदी हैराण केले आहे. एक 'प्रायव्हसी' आणि दुसरा 'क्लोजर'. शब्दकोशात प्रतिशब्द पुष्कळ आहेत. पण एक बसवावा तर दुसरीकडे उसवते."

मी म्हणालो, "अरे, सुटा शब्द हाती घेऊन बसलास तर असेच होणार. कोणास, कोणापासून, काय राखावयाचे आहे, हे आधी विचार. मग पाहू."

विद्यार्थी मित्रांनो, 'प्रायव्हसी'चाच विचार करा. आपल्या कोकणातील घर डोळ्यांपुढे आणा. परसात न्हाणीसाठी माडाच्या झापांचा आडोसा केलेला असतो. तो देहास परक्या नजरेपासून राखतो. अभ्यासासाठी किंवा जपासाठी मनुष्य माणसांपासून दूर जाऊन बसतो. त्यास एकांत म्हणतात. दुसऱ्याचे पत्र फोडू नये, असे आपण म्हणतो, तेव्हा राखावयाची असते ती गुप्तता. आडोसा, एकांत आणि गुप्तता हे तीन शब्द आपल्या भाषेने तीन गरजांसाठी वेगवेगळे घडविले. इंग्रजीने या तिन्ही गरजा एकाच नावाखाली आणल्या. तेव्हा मराठीत शब्द नाही, हे म्हणणे पुरते खरे नव्हे. शब्द आहेत, पण त्यांवरचे एक छप्पर नाही.

तथापि या छपराखाली चौथीही एक गोष्ट येते, आणि खरी अडचण तेथेच आहे. तिचे उदाहरण आपल्या मुरुडातीलच आहे. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यास गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. विधवाविवाह त्या काळी रूढीस संमत नव्हता. मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ त्यांच्या घरच्या माणसांसही लागली. आता पाहा, अण्णांनी यात लपविले काय? काहीच नाही. विवाह उघडपणे झाला होता. म्हणजे येथे गुप्ततेचा प्रश्न नव्हता, आडोशाचा नव्हता, एकांताचाही नव्हता. प्रश्न असा होता, की कोणाशी संसार करावा हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे त्याचा की गावाचा? 'प्रायव्हसी' या शब्दात आज हाही अर्थ आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा मूलभूत अधिकार आहे असा निर्णय दिला, तेव्हा विवाहासारख्या जिव्हाळ्याच्या बाबींतील निवडीही त्यात गणल्या. या निर्णयाविषयी मराठीत कोणी 'गोपनीयतेचा अधिकार' असे लिहिले, कोणी 'खासगीपणाचा'. पहिला शब्द मला येथे अपुरा वाटतो. गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगे; आणि अण्णांचे लग्न लपविण्याजोगे खचितच नव्हते. 'खासगी' त्याहून बरा. सत्ताधीशाच्या घरच्या मिळकतीस व कारभारास पूर्वी 'खासगी' म्हणत. ती राज्याच्या कारभाराहून वेगळी मानली जाई. म्हणजे येथून पुढे दुसऱ्याचा हात नाही, ही सीमा त्या शब्दात मुळातच आहे. बोलताना मात्र आपण नामाच्या वाटेस जातच नाही. "हा माझा प्रश्न आहे, तुम्ही त्यात पडू नका," असे सरळ म्हणतो.

"आणि 'क्लोजर'?" विद्यार्थ्याने विचारले.

"वाक्य सांग," मी म्हणालो.

त्याने खिशातून कागद काढला. समुद्रात बुडालेल्या एका नौकेसंबंधी तो मजकूर होता. त्यात इंग्रजीत लिहिले होते, की बेपत्ता खलाशाच्या आईस 'क्लोजर' हवे आहे. त्याने प्रथम 'समाप्ती' लिहून खोडले होते, मग 'पूर्णविराम', तेही खोडले होते. शेवटी 'समाधान' लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह केले होते.

मी म्हणालो, "मुलगा गेल्याचे समाधान कोणत्या आईस होईल? तिला हवे आहे तरी काय, ते पाहू." या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस हे सांगावे लागत नाही. देह मिळाला नाही, की घरात सगळेच अडून राहते. कायद्याचा मार्ग आहे. ज्यांना वार्ता कळावयास हवी त्यांना सात वर्षे जर मनुष्याची काहीच वार्ता लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. धर्मशास्त्रातही देहाच्या अभावी पळसाच्या देठांची प्रतिकृती करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी सांगितला आहे. एकाने कागद मिटतो, दुसऱ्याने सुतक फिटते. पण मन मिटते काय?

पार्वतीबाईंची हकिगत तुम्ही इतिहासात कदाचित वाचली नसेल. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर त्यांचे पती सदाशिवरावभाऊ पडले. रणांगणात सापडलेला एक देह त्यांचाच म्हणून ओळखून त्यास अग्नी दिल्याची वार्ताही आली. तरी पार्वतीबाईंनी ते मानले नाही; त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे एक तोतया 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. चौकशी होऊन तो खोटा ठरला व कैदेत पडला. अखेर त्यास रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेविले होते. तेथून 1776 साली तो सुटला आणि त्याने कोकणात मोठे बंड माजविले. ते मोडून त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. दरबाराच्या दृष्टीने प्रकरणाचा सोक्षमोक्ष लागला. लोकांस शहानिशा हवी होती, तीही झाली. पार्वतीबाई मात्र होत्या तेथेच राहिल्या. 1783 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर भाऊंचेही उत्तरकार्य करण्यात आले. म्हणजे बावीस वर्षे ते अडून होते!

आता सांगा, येथे 'क्लोजर' कोणास मिळाले? इंग्रजीत हा शब्द दरबारासही चालेल आणि पार्वतीबाईंसही. मराठीत तसे चालत नाही. तंटा असेल तर त्याचा निकाल लागतो, संशयाची शहानिशा होते, कोड्याचा उलगडा होतो, गढूळ झालेले मन निवळते. बंद होणारी वस्तू बदलली, की आपले क्रियापदही बदलते.

विद्यार्थी बराच वेळ कागदाकडे पाहत होता. मग त्याने लिहिले : 'आपल्या मुलाचे काय झाले, हे त्या आईस एकदाचे कळावयास हवे आहे.' त्यातला 'एकदाचे' हा शब्द मला फार आवडला. वाट पाहून थकल्याची सारी खूण त्यात आहे, आणि मूळ इंग्रजीत ती नव्हती.

"पण गुरुजी, मथळ्यात एवढे वाक्य मावावयाचे नाही," तो म्हणाला. "तेथे एकच शब्द हवा."

ही अडचण खरी होती. मथळा, कायद्याचे कलम, कोष्टकाचा रकाना, यांस नामच लागते; तेथे क्रियापदाची मोकळीक मिळत नाही. थोडा विचार करून त्याने मथळ्यात 'उलगडा' असे घातले. आईच्या मनातले त्यात थोडेच आले होते. पण खालचे वाक्य तसेच राहू दे, असे मी त्यास सांगितले.

स्वाध्याय : 'आम्हांस थोडी प्रायव्हसी हवी आहे' हे वाक्य आजारी माणसाची शुश्रूषा करणारी परिचारिका, परीक्षेस बसलेला विद्यार्थी आणि नवे घर बांधणारे दांपत्य यांच्या तोंडी घालून, प्रत्येकाचे म्हणणे इंग्रजी शब्द न वापरता निरनिराळ्या मराठी वाक्यांत लिहा.