समोर कोणी नसलेली मुलाखत आणि नंतरचे पत्र

मुलाखत म्हटली की टेबलाच्या पलीकडे कोणी तरी बसलेले असणार, हे आपण गृहीतच धरतो. अलीकडे मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षातील अनेकांना ई-मेलने केवळ एक लिंक येते. लिंक उघडली की स्क्रीनवर प्रश्न उमटतो, विचार करायला अर्धा मिनिट मिळतो आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून दीड-दोन मिनिटांत उत्तर द्यावयाचे असते. ऐकणारा त्या वेळी तेथे नसतो. तो ते मुद्रण पुढे कधी तरी आपल्या सवडीने पाहतो. अशा मुलाखतींची व्यवस्था पुरविणारी हायरव्ह्यू ही अमेरिकन कंपनी २००४ साली निघाली. या मुलाखतीची तयारी कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती संपल्यावर काय करावे, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे.

काळाचौकीच्या एका चाळीत राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीचे उदाहरण घेऊ. एका खाजगी कंपनीत ग्राहक सेवेच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. प्रश्न पाच, प्रत्येक उत्तराला नव्वद सेकंद आणि मुदत रविवारी मध्यरात्रीपर्यंत. चाळ जरा शांत झाल्यावर, गुरुवारी रात्री साडेदहाला, ती मोबाईल कपाटाला टेकवून बसली. वीस मिनिटांत सारे आटोपले आणि स्क्रीनवर "Submitted" हा शब्द आला. तिचे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. त्यांनी विचारले, "काय म्हणाले साहेब?" ती म्हणाली, "साहेब नव्हतेच, आजोबा." आजोबा म्हणाले, "आम्ही दारावर उभे राहायचो, तेव्हा आज काम नाही म्हणायला तरी कोणी असायचं."

आजोबांच्या बोलण्यात या विषयाचे मर्म आहे. समोरासमोरच्या मुलाखतीत तीन गोष्टी आपोआप घडतात. आपला आवाज पोहोचला हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळते. उत्तर अपुरे राहिले तर तो उलट प्रश्न विचारतो. आणि उठताना "आठवड्याभरात कळवू" असे काही तरी सांगतो. एकतर्फी मुलाखतीत या तिन्ही गोष्टी गळून पडतात. म्हणून नंतरचे पत्र हे केवळ आभाराचे पत्र नव्हे. या तीन उणिवा त्या पत्राने भरून काढावयाच्या असतात.

पहिले काम मुद्रण संपताक्षणीच करावयाचे. बहुधा प्रश्न पुन्हा पाहता येत नाहीत; म्हणून ते आणि आपण दिलेल्या उत्तरांचा सारांश लगेच वहीत उतरवून ठेवावा. "Submitted" दाखविणाऱ्या स्क्रीनचे चित्र जपून ठेवावे आणि पोच देणारा ई-मेल आला की नाही हे पाहावे. तो आला नाही तर मुद्रण पूर्ण चढलेच नसण्याचा संभव असतो. तसेच पोच आली म्हणजे सारे सुरक्षित, असेही नाही. मुद्रण पोहोचले एवढेच ती सांगते. त्यात आवाज आहे का, हे सांगत नाही.

मग प्रश्न येतो तो पत्र कोणाला लिहावे हा. आमंत्रण बहुधा "noreply" अशा पत्त्यावरून आलेले असते आणि तेथे लिहिलेले कोणी वाचत नाही. तरीही त्या ई-मेलवर "Reply" दाबून वर कोणता पत्ता येतो ते पाहावे. पुष्कळदा तेथे भरती अधिकाऱ्याचा निराळा पत्ता उमटतो. न उमटल्यास ई-मेलच्या तळाशी, अर्जाच्या पोचपत्रात किंवा मूळ जाहिरातीत नाव शोधावे. जागा महाविद्यालयामार्फत आली असेल, तर नोकरी मार्गदर्शन पाहणाऱ्या प्राध्यापकांना विचारावे. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. लिंकवर मदतीसाठी दिलेला पत्ता यंत्रणा चालविणाऱ्यांचा असतो. कॅमेरा बंद पडला तर ते उपयोगी पडतील, पण निवडीविषयी त्यांना काहीच ठाऊक नसते. मुद्रणात बिघाड झाला असेल तर दोघांनाही त्याच दिवशी कळवावे आणि प्रश्नाचा क्रमांक व वेळ नमूद करावी.

मैत्रिणीला तिसऱ्या प्रश्नाची रुखरुख लागली होती. संतापलेल्या ग्राहकाला कसे हाताळाल, असा तो प्रश्न होता. आपण आधी शांतपणे ऐकून घेऊ, इथवर ती आली आणि नव्वद सेकंद संपले. शुक्रवारी सकाळी तिने इंग्रजीत पत्र पाठविले. विषयाच्या ओळीत पदाचे नाव, अर्ज क्रमांक आणि "व्हिडिओ मुलाखत पूर्ण" एवढेच होते. मजकुराचा मराठी आशय असा:

"आपल्या आमंत्रणानुसार काल रात्री मी व्हिडिओ मुलाखत पूर्ण केली. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात वेळेअभावी एक भाग राहिला. ग्राहकाचे ऐकून घेतल्यावर मी तक्रारीची नोंद करून त्याला क्रमांक देईन आणि पुन्हा केव्हा कळवीन ती वेळ सांगेन. पाचही उत्तरे नीट ऐकू येतात का, हे मुदत संपण्यापूर्वी कळविल्यास आभारी होईन. पुढील टप्पा साधारण केव्हा अपेक्षित आहे?"

या पत्रात काय नाही, हेही पाहण्याजोगे आहे. "आपल्याशी बोलून आनंद झाला" हे वाक्य त्यात नाही, कारण बोलणे झालेच नव्हते. असे ठरीव वाक्य नमुन्यातून उतरविलेले आहे हे वाचणाऱ्याला तत्काळ कळते. चाळीतल्या गोंगाटाबद्दल क्षमायाचना नाही. पाचही उत्तरांची पुरवणी नाही. एकाच उत्तराला दोन वाक्ये जोडली आहेत. समोर माणूस असता तर "मग पुढे काय कराल?" असे त्याने विचारले असते. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होय.

शुक्रवारी दुपारी उत्तर आले. पाचव्या उत्तरात चित्र होते, पण आवाज नव्हता. मैत्रिणीने बिनतारी इअरफोन लावले होते. त्यांची बॅटरी शेवटी संपली आणि मोबाईलने आवाज घेतलाच नाही. मुदत शिल्लक असल्याने तेवढ्या प्रश्नापुरती लिंक पुन्हा उघडून मिळाली. हेच पत्र सोमवारी गेले असते तर मुदत टळलेली होती. म्हणून मुद्रण शेवटच्या रात्रीवर ढकलू नये आणि पहिले पत्र मुदतीच्या आत, शक्यतो चोवीस तासांत जावे.

यानंतरची वाट पाहणे मोजावयाचे ते मुद्रणाच्या दिवसापासून नव्हे, तर मुदत संपल्यापासून. अनेक ठिकाणी सर्वांची मुद्रणे गोळा झाल्यावरच ती पाहण्यास प्रारंभ होतो. तिने मधला आठवडा जाऊ दिला आणि त्यापुढील सोमवारी दोन ओळींचे दुसरे पत्र पहिल्याच पत्राच्या धाग्यावर पाठविले, म्हणजे आधीचा मजकूर खाली दिसत राहिला. त्यालाही उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एक शेवटचे पत्र लिहावे आणि तेथे थांबावे. कंपनीतील चार-पाच जणांना निरनिराळे संदेश धाडल्याने काम पुढे सरकत नाही.

या पत्राची मर्यादाही स्पष्ट असावी. काही ठिकाणी प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण देतात आणि मुद्रणाबाहेरचा मजकूर मुळीच विचारात घेत नाहीत. तेथे पुरवणीच्या दोन वाक्यांनी गुण वाढणार नाहीत. मात्र आवाज नसलेले उत्तर त्यामुळे सापडू शकते आणि पुढची तारीख कळू शकते.

मैत्रिणीला दुसऱ्या फेरीसाठी बोलावणे आले. तेथे दोन अधिकारी समोर बसले होते. जागा तिला मिळाली नाही. तसे त्यांनी फोन करून सांगितले. तिने ते घरी सांगितले तेव्हा आजोबा म्हणाले, "चला, या वेळी नाही म्हणायला तरी माणूस होता." दुसऱ्याच दिवशी तिने पुढचा अर्ज भरला. या खेपेस तिने तारेचे इअरफोन मागून आणले आहेत.