छाटणीच्या तारखेभोवती

दिवसा नाशिकमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी आणि रात्री जेवणानंतर दोन तास स्वतःचं काम, असा माझा बरीच वर्षं शिरस्ता आहे. त्या दोन तासांत मी एकाच वेळी पाच कामं हाती घेतली होती. लासलगावच्या कांदाभावाची रोजची सूचना, 2027 च्या सिंहस्थासाठी पार्किंगचा नकाशा, शाळकरी मुलांसाठी शुद्धलेखनाची प्रश्नमंजूषा, निफाड तालुक्यातल्या मामांसाठी द्राक्षबागेची फवारणी वही आणि त्याच बागेसाठी हवामानाचा इशारा. पाचही अर्धवट होती.

ऐन हंगामात, नोव्हेंबरमध्ये, मामांच्या फोनवर वहीतल्या नोंदी साठवणं बंद पडलं. त्यांनी मला सांगितलं. मी "बघतो" म्हणालो आणि नकाशाच्या कामात गुंतलो. फेब्रुवारीत निर्यातदाराच्या माणसाने फवारणीचा तपशील मागितला, तेव्हा दोन महिन्यांच्या नोंदी नव्हत्या. ओसरीवर बसून आम्ही औषधाच्या दुकानाची बिलं तारखेप्रमाणे लावली. पण बिलावरून औषध कधी घेतलं ते कळतं. कधी मारलं आणि कुठल्या प्लॉटवर मारलं, ते कळत नाही. एका प्लॉटची शेवटची फवारणी कधी झाली हे सांगता आलं नाही आणि तो माल स्थानिक बाजारात विकावा लागला. मामा एवढंच म्हणाले, "अरे, तुझ्या वहीच्या भरवशावर मी कागदावर लिहिणं सोडलं होतं."

त्यानंतर पाचही कामं एका सूत्रात बसवायचा प्रयत्न मी केला आणि पहिले दोन्ही प्रयत्न चुकले. आधी तंत्रानुसार गट पाडले: फोनवर संदेश पाठवणारी कामं एकीकडे, नकाशावाली दुसरीकडे. पण संदेश पाठवणारा कोड थोडक्या ओळींचा असतो, तो वाचवून काही हाती लागत नाही. वेळ खर्च होतो तो वापरणाऱ्याची गरज समजून घेण्यात आणि माहिती बिनचूक ठेवण्यात. मग "शेती" हे सूत्र धरलं. त्यात कांदाभावही सहज बसला आणि सूत्राचा उपयोगच संपला, कारण त्यात काहीही बसत होतं.

तिसऱ्या वेळी प्रत्येक कल्पनेसाठी एक कार्ड केलं आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या. हे कोण वापरणार? ते वापरून तो कोणता निर्णय घेणार? त्या निर्णयासाठी कोणती नोंद आधीपासून हवी? फवारणी वही आणि हवामानाचा इशारा, या दोन्ही कार्डांवर तिसरी ओळ सारखीच आली: प्लॉट आणि छाटणीची तारीख. कांदाभावाच्या कार्डावर यातलं काहीच नव्हतं, जरी तो पाहणारा शेतकरी तोच असला तरी.

बागायतदार दिवस मोजतो तेच मुळी छाटणीपासून. समजा, एका प्लॉटची गोडी छाटणी 10 ऑक्टोबरला झाली आणि काढणी 135 व्या दिवशी धरली, तर ती 22 फेब्रुवारीला येते. एखाद्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी 40 दिवसांचा असेल, तर ते 13 जानेवारीनंतर, म्हणजे 95 व्या दिवसानंतर, मारता येत नाही. पावसाचा इशाराही त्याच दिवसांवर वाचायचा असतो: फुलोऱ्यातल्या पावसाने डाऊनीची आणि गळीची भीती, काढणीच्या तोंडावरच्या पावसाने मणी तडकण्याची. मामांना एकही नवी माहिती न विचारता दोन्ही कामं एकाच तक्त्यावर उभी राहिली. त्यातूनच काढणीच्या मजुरांचं वेळापत्रकही निघालं, जे माझ्या मूळ यादीत नव्हतं.

म्हणून माझ्यासारखं रात्रीचं काम करणाऱ्यांना सांगेन की सूत्र निवडताना हीच कसोटी लावा. नवी कल्पना आली, की वापरणाऱ्याकडून आधीच घेतलेल्या नोंदींवर ती किती चालते ते पाहा. सगळं नव्याने विचारावं लागत असेल, तर ती त्या सूत्रातली नाही. उरलेल्या कल्पना एका वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि ज्यांना शब्द दिला असेल त्यांना काम थांबवल्याचं स्पष्ट कळवा. कुणी वापरत असलेलं काम गुपचूप सोडणं हा सर्वांत मोठा दोष, माझ्या हातून तोच घडला.

याला एक मर्यादाही आहे. सगळं एका तारखेवर उभं राहिलं, की ती तारीख चुकली तर सगळंच चुकतं. मोठ्या प्लॉटची छाटणी तीन-चार दिवस चालते. तेव्हा कुठला दिवस धरायचा हे मामांनीच ठरवलं आणि ती तारीख आता दोनदा विचारल्याशिवाय बदलत नाही. दर रविवारी सगळ्या नोंदींचा छापील कागद निघतो. मामा तो खिळ्याला अडकवतात आणि त्याखाली पेनाने सही करतात.