बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आला, तर कुठे बघायचं आणि चुकलं तर किती जातं

फॅमिली ग्रुपवर मावशी एक स्क्रीनशॉट टाकतात आणि खाली विचारतात, "हे खरं आहे का रे?" मेसेज असा: "प्रिय ग्राहक, तुमचे केवायसी अपूर्ण असल्याने खाते आज रात्री बंद होईल. खालील लिंकवर पॅन क्रमांक भरून १० रुपये पडताळणी शुल्क भरा." पाठवणारा आणि लिंक अशी दिसते:

```
+91 98XXX XXX10
http://mybank.bank.in.kyc-seva.example/pan
```

हा नमुना आम्ही नेहमीच्या साच्यावरून बेतला आहे. लिंकचा शेवट मुद्दाम `.example` ठेवलाय, म्हणजे कुणी चुकून टाइप केली तरी ती कुठेच उघडणार नाही.

बहुतेक जण आधी शुद्धलेखनाच्या चुका शोधतात. ही खूण आता कुचकामी झाली आहे. फसवणाऱ्यांचं मराठी सुधारलंय आणि बँकांच्या खऱ्या मेसेजांचं मराठी काही फार बरं नसतं. त्यामुळे मजकूर शेवटी वाचा, आधी वरची ओळ बघा.

वरच्या ओळीत दहा आकडी मोबाइल नंबर आहे. बँकेला व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या नियमांप्रमाणे आधी आपलं पाठवणारं नाव, म्हणजे हेडर, नोंदवावं लागतं. ते साधारण `AD-MYBANK-S` असं दिसतं. पहिली दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि सर्कल सांगतात, मधलं नाव पाठवणाऱ्या संस्थेचं आणि २०२५ पासून शेवटी जोडलेलं अक्षर मेसेजचा प्रकार: `S` सेवा, `T` व्यवहार, `P` जाहिरात, `G` सरकारी. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा हेडरवरून जाणाऱ्या मेसेजमधली लिंकही आधी मंजूर करून घ्यावी लागते. नसेल, तर मोबाइल कंपनीने तो मेसेज अडवायचा. साध्या सिमकार्डावरून पाठवलेल्या एसएमएसला ही चाळणी लागत नाही, म्हणूनच फसवणारा तो रस्ता धरतो. दहा आकडी नंबरावरून "बँकेची" लिंक आली, तर पुढचं काही तपासण्याची गरजच उरत नाही.

पण स्क्रीनशॉटची मोठी मर्यादा इथेच आहे. वरची ओळ कापलेली असू शकते, किंवा तिथे दिसणारं "बँक" हे नाव कुणी तरी संपर्कयादीत साठवलेलं असू शकतं. अशा वेळी मावशींना मूळ मेसेज उघडून पाठवणाऱ्याचा तपशील वाचायला सांगा. हेडर असेल पण ओळखीचं वाटत नसेल, तर ते कोणाच्या नावावर आहे हे `smsheader.trai.gov.in` वर फुकट बघता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्ट आणखी निसरडी, कारण बँकेचा लोगो काय आणि निळी टिक काय, प्रोफाइलच्या फोटोत दोन्ही चिकटवता येतात.

आता लिंक. ती डावीकडून वाचली की फसायला होतं, कारण डावीकडे `mybank.bank.in` दिसतं आणि डोळा तिथेच थांबतो. `//` नंतरच्या पहिल्या एकेरी `/` वर बोट ठेवा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. आधी `example`, मग `kyc-seva`. या पत्त्याचा मालक तोच, `kyc-seva.example`. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो.

ही युक्ती आता जास्त उपयोगी पडते. बँकांनी आपली संकेतस्थळं `.bank.in` वर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. हे नाव ऐऱ्यागैऱ्याला विकत मिळत नाही. ते फक्त बँकांना, आयडीआरबीटी या संस्थेमार्फत मिळतं. म्हणजे पहिल्या एकेरी `/` च्या अगदी आधी `.bank.in` यायला हवं, मधे नाही. लहान केलेली लिंक असेल, तर ती खोटीच असं म्हणता येत नाही, पण ती उघडून काही भरण्याचंही कारण नाही. `https` आणि कुलपाचं चिन्ह मात्र मोजू नका, ते चोराच्या पानालाही मिळतं.

तिसरी खूण मागणीत आहे. "आज रात्री बंद" हे बँकेच्या कारभाराशी जुळतच नाही. जून २०२५ च्या सुधारित नियमांनुसार केवायसी अद्ययावत करण्याची तारीख येण्याआधी बँकेने किमान तीनदा कळवायचं, त्यात एकदा तरी पत्राने. तारीख उलटल्यावर पुन्हा तीन स्मरणपत्रं, त्यातही एक पत्र. तुमच्या तपशिलात बदल नसेल, तर नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलवरून किंवा एटीएमवर तसं स्वतः जाहीर करूनही भागतं.

आणि ते १० रुपये? रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवतात, म्हणजे मन कचरत नाही. ते भरताना कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही आणि ओटीपी हे सगळं त्या पानावर टाइप होतं. खरा माल तो. लिंक पानाऐवजी `.apk` फाइल उतरवू लागली, तर आणखी वाईट: ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मिळाली की ओटीपी परस्पर पळवतं.

समजा मावशींनी सकाळी ११ वाजता ओटीपी भरला आणि ४८,००० रुपये गेले. ११.४० ला त्यांनी बँकेला कळवलं, तरीही १२.१५ ला आणखी २०,००० गेले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ४८,००० मावशींचे, २०,००० बँकेचे. "तीन दिवसांत तक्रार केली की सगळे परत" हा समज इथे लागू पडत नाही. ती सवलत ग्राहकाची चूक नसताना, तिसऱ्याच कुणाच्या गडबडीने पैसे गेले तर आहे. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लगेच लिहून ठेवा.

तपासायला पैसा लागत नाही. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरावर नको. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवून लगेच १९३० लावा किंवा `cybercrime.gov.in` वर नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी ते गोठवता येतात का, हे या मिनिटांवर ठरतं. पैसे गेले नसतील आणि नुसता मेसेजच आला असेल, तर तो संचार साथीच्या चक्षू सुविधेत कळवा. तिथे स्क्रीनशॉट जोडता येतो. ग्रुपवर पुढे पाठवायचाच असेल, तर चित्रच पाठवा, मजकूर कॉपी करून नको, कारण त्यातली लिंक चालू असते. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.